सार कशास म्हणावे?

एक शिक्षक आठवडाभर रजेवर होते. तेवढ्या अवधीत शाळेच्या सहलीविषयी सहकाऱ्यांमध्ये २३ ई-मेलची देवघेव झाली. त्यांना आता ते सारे एकाच पत्रात कळवावयाचे आहे. पुष्कळ लोक अशा वेळी पहिल्या पत्रापासून क्रमाने सांगू लागतात. परंतु ते इतिवृत्त झाले, सार नव्हे. परतलेल्या मनुष्यास आजची स्थिती हवी असते.

म्हणून शेवटची पत्रे आधी वाचावीत. तिसऱ्या पत्रात १२ तारीख ठरली आणि अठराव्यात ती बदलून १९ झाली, तर १९ हीच लिहावी. जुनी तारीख त्यांनी ऐकलेली असेल, म्हणून बदलाचाही उल्लेख करावा. मग पत्र असे होईल : “सहल १२ ऐवजी १९ तारखेस रायगडास जाईल. बस ठरली आहे. पालकांची संमतिपत्रे आपण १५ पर्यंत गोळा करावीत.”

“डबे घरून आणावेत काय?” या प्रश्नास मात्र कोणीच उत्तर दिलेले नाही. मौन म्हणजे संमती असे मानून ‘डबे घरून’ असे लिहिले, तर सार लहान होईल, पण खोटे ठरेल. तेथे ‘अद्याप ठरलेले नाही’ असेच लिहिले पाहिजे.