बीटा एचसीजी वाढला, पण किती?

"डॉक्टर, आकडा वाढलाय, म्हणजे सगळं ठीक ना?" सांताक्रूझच्या माझ्या दवाखान्यात हा प्रश्न नेहमी येतो. माझ्या मते नुसती वाढ पाहून निश्चिंत होणं चूक आहे. गरोदरपणातलं हे संप्रेरक १५०० च्या आत असेल, तर ४८ तासांत ते साधारण निम्म्याने तरी वाढायला हवं. समजा, सोमवारी ४०० होतं. बुधवारी ६०० च्या आसपास हवं. ५०० च आलं, तर गर्भ नीट वाढत नसेल किंवा गर्भनलिकेत रुजला असेल, अशी शंका आम्हाला येते. आणि नलिकेतल्या गर्भातही आकडा कधी कधी छान वाढतो! गर्भाची जागा सोनोग्राफीतच कळते. दोन्ही वेळा लॅब एकच ठेवा. ओटीपोटात एका बाजूला जोरात दुखलं किंवा चक्कर आली, तर पुढच्या रिपोर्टसाठी थांबू नका, तडक रुग्णालयात जा.