किल्लीची कागदी नक्कल

ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेचा पूर भंडारा शहरात शिरला, तेव्हा आमच्या एका करसल्लागार स्नेह्यांच्या तळमजल्यावरील कचेरीतला संगणक आणि टेबलाचा खालचा खण दोन दिवस पाण्याखाली होते. अशिलांचे जीएसटी व आयकराचे सर्व पासवर्ड त्यांनी कीपासच्या एका डेटाबेसमध्ये ठेवले होते आणि ती फाइल क्लाउडच्या फोल्डरमध्ये असल्यामुळे नव्या लॅपटॉपवर ती जशीच्या तशी उतरली. मुख्य पासवर्डही त्यांना मुखोद्गत होता. परंतु समोरच्या चौकटीने की-फाइल मागितली, आणि तिची एक प्रत बुडालेल्या संगणकात व दुसरी त्याच खालच्या खणातल्या पेनड्राइव्हवर होती. पेनड्राइव्ह वाळवून पाहिला, तो चालला नाही. पुढचे कित्येक आठवडे एकेका अशिलाच्या नोंदणीकृत मोबाइलवर ओटीपी मागवून पासवर्ड नव्याने घ्यावे लागले, आणि तुमसरच्या एका भातगिरणीच्या बाबतीत तो मोबाइल केव्हाच नोकरी सोडून गेलेल्या मुनीमजींचा निघाला.

हरवलेल्या की-फाइलवर उपाय नव्हता, आणि तो का नव्हता हे आपण समजून घेतले पाहिजे. की-फाइलमध्ये २५६ बिटांची यादृच्छिक संख्या असते. मुख्य पासवर्ड आणि ही संख्या एकत्र कुटून त्यातून डेटाबेसची खरी किल्ली तयार होते, त्यामुळे पासवर्ड बरोबर असूनही ती संख्या नसेल तर जगातला कोणताही संगणक ती अंदाजाने शोधू शकत नाही. क्लाउडमधून आपला डेटाबेस कोणी पळविला तरी निश्चिंत राहता येते ते याच कारणाने. ज्या गुणामुळे चोर बाहेर राहतो, त्याच गुणामुळे धनीही बाहेर राहू शकतो.

या भीतीपोटी काहीजण की-फाइल डेटाबेसच्या शेजारी, त्याच क्लाउड फोल्डरमध्ये ठेवतात. असे केल्यास फोल्डर हाती लागलेल्या माणसापुढे केवळ मुख्य पासवर्डाचाच अडसर उरतो. चूक लक्षात आल्यावर ती फाइल तेथून पुसून नवी केली तरी भागत नाही. कारण क्लाउडच्या कचरापेटीत आणि जुन्या आवृत्त्यांत दोन्ही फाइली बहुधा महिनाभर तशाच राहतात, आणि जुन्या किल्लीने जुनी आवृत्ती उघडते. अशा वेळी नव्या की-फाइलबरोबर आतील प्रत्येक पासवर्डही बदलावा लागतो.

म्हणून की-फाइलची एक प्रत कागदावर असावी, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. जानेवारी २०२१ मधील कीपासच्या २.४७ या आवृत्तीपासून की-फाइलचे जे नवे स्वरूप आले, ते हाताने उतरविता येईल इतके लहान आहे. तिचा मुख्य भाग असा दिसतो. नमुन्यासाठी येथे सर्वत्र शून्ये घातली आहेत:

```xml
<Data Hash="66687AAD">
  00000000 00000000 00000000 00000000
  00000000 00000000 00000000 00000000
</Data>
```

चौसष्ट अक्षरे हीच किल्ली. वरची आठ अक्षरे तिचा पडताळा. उतरविताना एक अक्षर जरी चुकले तरी पडताळा जुळत नाही आणि प्रोग्राम की-फाइलच सदोष असल्याचे सांगतो. पडताळा जुळूनही डेटाबेस उघडत नसेल, तर मुख्य पासवर्ड चुकला आहे किंवा कागद दुसऱ्याच डेटाबेसचा आहे, असे समजावे. एखादे छायाचित्र की-फाइल म्हणून वापरणाऱ्यांना ही सोय मुळीच नाही. ते एकदा व्हॉट्सॲपवरून छायाचित्र म्हणून पाठविले की त्यातले बाइट बदलतात, डोळ्यांना फरक दिसत नाही, आणि कुलूप मात्र उघडत नाही.

किल्लीबरोबर डेटाबेसही जपावा लागतो. दोन संगणकांवरून एकाच वेळी तो जतन झाल्यास क्लाउडच्या फोल्डरात दुसरी, ‘conflicted copy’ अशा नावाची फाइल उमटते. तिला निरुपयोगी समजून पुसू नये. कीपासमधील ‘Synchronize’ किंवा कीपासएक्ससीमधील ‘Merge From Database’ या आज्ञेने ती मूळ फाइलीत मिळवावी. एकाच नोंदीत दोन्हीकडे बदल झाले असतील तर नंतरचा बदल वर राहतो आणि आधीचा त्या नोंदीच्या इतिहासात सापडतो.

आमच्या कचेरीतील की-फाइलचा एक कागद प्लॅस्टिकच्या पाकिटात बँकेच्या लॉकरमध्ये आहे आणि दुसरा साकोलीला मेहुण्यांच्या कपाटात, ज्यांना मुख्य पासवर्ड ठाऊक नाही. हे कागद ठेवण्यापूर्वी आम्ही दुसऱ्या संगणकावर, केवळ कागद समोर धरून, नोटपॅडमध्ये ती फाइल पुन्हा लिहून पाहिली. पहिल्या खेपेला पडताळा जुळला नाही: आमच्या सहायकाने हाताने लिहिताना B चा 8 केला होता. तो कागद फाडून दुसरा लिहिला, आणि डेटाबेस त्यावरून उघडल्यावरच तो पाकिटात घातला.