‘खेडवळ’ म्हणजे कोणत्या गावची?

स्नेहसंमेलनाच्या नाटुकल्यासाठी ‘संवाद खेडवळ भाषेत लिहा’ एवढेच सांगितले, की डोंबिवलीच्या खाडीकाठच्या आगरी आजीच्या तोंडीही सातारा-कोल्हापूरकडचे ‘व्हय’ येते. वास्तविक तिच्या बोलीत ‘पाणी’चे ‘पानी’, ‘डोळा’चे ‘डोला’ आणि ‘घोडा’चे ‘घोरा’ होते. म्हणून आमचे मत असे, की मागणी स्पष्ट लिहावी : ‘निवेदन प्रमाण मराठीत; आजीचे संवाद आगरी बोलीत; नातू आजीशी बोलीत बोलतो, गुरुजींशी प्रमाण मराठीत.’ सोबत गावातल्याच एखाद्या वृद्धेची, ऐकून जशीच्या तशी उतरवलेली दोन-चार वाक्ये द्यावीत. अण्णा भाऊंच्या ‘फकिरा’तही निवेदनाची भाषा वेगळी, पात्रांची वेगळी. मात्र बोली केवळ विनोदी गड्याच्याच तोंडी घातलेली दिसली, तर संहिता लेखकाकडे परत पाठवावी.