अमावस्या कुणी वाया घालवली?

मराठी भयकादंबरीकारांशी माझं एक जुनं भांडण आहे, ते आज एकदाचं मांडतेच. पछाडलेल्या घराची गोष्ट म्हटली की आमच्या लेखकांना तीन गोष्टी फुकट मिळाल्यासारख्या वाटतात. पडका वाडा, कडाडणारी वीज आणि अमावस्येची मध्यरात्र. त्यात धुकं घातलं की झालं वातावरण! माझं म्हणणं असं, की हे वातावरण नाहीच. हा नाटकाचा मागचा पडदा आहे. आणि ज्या कोकणात ही घरं बहुतेक वेळा उभी केलेली असतात, त्या कोकणाचा, निदान आमच्या पेण-रोह्याचा, या पडद्याशी काही संबंध नाही.

आधी धुक्याचं बघू. आमच्याकडे पहाटे धुकं पडतं ते हिवाळ्यात. म्हणजे वालाच्या शेंगा भरण्याच्या दिवसांत. तेव्हा संध्याकाळी लोक शेतात मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालून पोपटी लावत असतात. वर्षातला याहून कमी भीतिदायक मोसम शोधून सापडणार नाही :) मग हे कादंबरीतलं धुकं आलं कुठून? सरळ आहे, इंग्लंडातून आलं. पुस्तकांबरोबर हवामानही आयात झालं.

आता वीज. विजांचा खेळ आमच्याकडे मे संपताना, मृगाच्या आधी होतो, नाहीतर परतीच्या पावसात, हस्ताच्या आसपास. ऐन आषाढात वीज क्वचितच कडाडते. आषाढ म्हणजे नुसती झड. तीन-तीन दिवस एका सुरात कौलांवर आवाज. शेजारच्या खोलीतून हाक मारली तरी ऐकू येत नाही. पडवीला पावसाच्या अंगाने झापं बांधलेली, त्यामुळे दुपारीही घरात दिवा लावायचा, आणि तो दिवा वीजमंडळाच्या मर्जीवर. लाकडी दारं फुगून चौकटीत बसतात. माळ्यावरच्या खोलीचं दार ज्येष्ठात अडकलं की कधीकधी आश्विनातच उघडतं.

आता विचार करा मंडळी, भयकथेला यातलं काय उपयोगी? वीज उजेड पाडते, दाखवते. आषाढ लपवतो. आवाज लपवतो, वाट लपवतो, बंद खोली बंद ठेवतो, आणि तेही कुठल्याही मांत्रिकाविना. वाचकापासून काहीतरी दडवून ठेवणं हाच या प्रकारच्या कादंबरीचा प्राण असेल, तर दडवण्याचं काम करणारं हवामान दाराशी उभं आहे आणि आम्ही मात्र विजेचा बल्ब लावून बसलो आहोत.

दडवणं कसं करावं आणि कसं करू नये, याचा एक जुना दाखला सांगते. अ‍ॅन रॅडक्लिफ या बाईंची 'द मिस्टरीज ऑफ उडॉल्फो' १७९४ सालची. त्यातली नायिका वाड्यातल्या एका चौकटीवरचा काळा पडदा बाजूला करते, पलीकडे काहीतरी बघते आणि बेशुद्ध पडते. काय बघितलं ते लेखिका सांगत नाही. शेकडो पानं गेल्यावर, अगदी शेवटाकडे कळतं की तो मेणाचा पुतळा होता. मला ही सरळ फसवणूक वाटते. नायिकेला माहीत आहे, लेखिकेला माहीत आहे, फक्त वाचकाच्या डोळ्यांवर हात ठेवलाय.

उलट हेन्री जेम्सची 'द टर्न ऑफ द स्क्रू' घ्या, १८९८ ची. मुलाला शाळेतून का काढलं हे शाळेच्या पत्रात स्पष्ट लिहिलेलंच नाही. त्यामुळे त्याला सांभाळायला आलेल्या बाईंनाही ते माहीत नाही, आणि आपल्यालाही नाही. ती आणि आपण एकाच अंधारात. हा प्रामाणिक अंधार. नियम म्हणाल तर एवढाच: पात्राला जे कळलंय ते वाचकापासून लपवायचं नाही. पात्रालाच कळू शकणार नाही अशी व्यवस्था करायची. आणि ही व्यवस्था जागा आणि हवामान करतात. म्हणून ती सजावट नव्हे, यंत्र आहे.

आता माझ्या खऱ्या तक्रारीकडे येते. अमावस्या. आमच्या लेखकांनी ती इतकी वापरली की घासून गुळगुळीत झाली, पण ती अमावस्याच का आणि मध्यरात्रच का, हे कुणी विचारलंच नाही. पेणच्या खारेपाटात किंवा रोह्याच्या खाली, जिथे कुंडलिकेची खाडी होते तिथे, कुणाही जुन्या माणसाला विचारा. तो तुम्हाला भूत सांगणार नाही, हिशेब सांगेल. तिथीला तीनाने गुणा, चाराने भागा, की भरतीची वेळ येते. अमावस्या म्हणजे पंधरा. पंधरा त्रिक पंचेचाळीस, भागिले चार, सव्वाअकरा. म्हणजे अमावस्येच्या रात्री सव्वाअकराच्या पुढेमागे पाणी सर्वांत वर असतं. खाडीत जितकं आत जाल तितकं थोडं उशिरा, म्हणजे मध्यरात्रीच्या जवळ. आणि ते साधं पाणी नव्हे, उधाणाचं. पौर्णिमेलाही तेच, पण तेव्हा निदान चांदणं असतं (ढगांनी राहू दिलं तर). अमावस्येला उधाण येतं आणि ते दिसत नाही.

त्यात वरून आषाढाचा पाऊस असला तर नदीचं पाणी खाली उतरू बघतं आणि भरती त्याला वाट देत नाही. अशा रात्री बांधाला खांड जाते, खारं पाणी शेतात घुसतं आणि जमीन पुढची काही वर्षं भात देत नाही. म्हणजे अमावस्येच्या मध्यरात्रीची भीती इथल्या लोकांना पुस्तकातून मिळालेली नाही. घर आणि शेत जायची ती खरी वेळ आहे. लेखकांनी तिच्यातून पाणी काढून टाकलं आणि रिकामी अमावस्या आपल्या हातात दिली!

नुसती टीका करून काय उपयोग, असं आमचे मामा म्हणतील. तर मग एक घर उभं करूनच दाखवते. कल्पनेतलंच, गावाचं नाव नको.

खारेपाटात बांधाच्या आतल्या अंगाला, उंचवट्यावर एक जुनं सावकारी घर. बांधात एक उघाडी आहे. म्हणजे शेतातलं पाणी ओहोटीला बाहेर जाण्याची वाट. तिची झडप अशी, की भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने ती आपोआप बंद होते. जुनी लाकडी झडप मिटताना आवाज करते. नवीन सून आषाढात घरात येते आणि पहिल्याच अमावस्येला रात्री तिला तो आवाज ऐकू येतो. दार आपटल्यासारखा. ती घाबरते. सासरे हसून तिला उघाडी सांगतात, पंधरा त्रिक पंचेचाळीस सांगतात. ती शांत होते, वाचकही शांत होतो. लक्षात घ्या, इथे काहीही लपवलेलं नाही. उलट सगळं समजावून दिलं आहे.

पुढची प्रकरणं ती हिशेब करायला शिकते. आज एकादशी, म्हणजे सव्वाआठ. पाणी भरत आलं की आवाज येतो आणि ती कणीक मळत राहते. वाचकालाही एव्हाना पाढा पाठ झालेला असतो. आणि मग येते अष्टमी. आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा. भरती संध्याकाळी सहाला येऊन गेली, तीही भांगाची, म्हणजे अगदी लहान. सव्वाअकराला जवळजवळ पूर्ण ओहोटी असणार. झडपेवर दाब द्यायला बाहेर पाणीच नाही. आणि बरोबर सव्वाअकराला आवाज येतो.

बस्स. वीज नको, धुकं नको, पांढरी साडी तर नकोच नको. वाचकाने स्वतः केलेला गुणाकार त्याच्या अंगावर येतो. झडीमुळे तिला बाहेर जाऊन बघता येत नाही, कौलांच्या आवाजामुळे आवाज नक्की कुठून आला हे ठरवता येत नाही. दडवण्याचं काम पावसाने केलं, लेखकाने नाही.

आणि दडवायचं काय? तर एका जुन्या रात्री खांड भरायला गेलेली कुळं परत आली नाहीत, आणि उघाडी त्या रात्री कुणी अडवली हे घरातलं कुणीच धड सांगू शकत नाही. हे मी उगाच जोडत नाहीये. या सगळ्या साहित्यप्रकाराची आजी म्हणजे वॉलपोलची 'द कॅसल ऑफ ऑट्रँटो', १७६४ ची. तिच्यातही किल्ला पछाडलेला आहे, कारण तो खऱ्या धन्याला विष देऊन बळकावलेला आहे. पछाडलेलं घर म्हणजे मुळात चोरलेलं घर. आमच्या शेजारच्या अलिबाग तालुक्यात चरीला कुळांनी १९३३ साली संप केला तो कित्येक वर्षं चालला, आणि खोती रद्द करणारा कायदा १९४९ ला आला. ज्या जिल्ह्यात जमिनीचा इतका हिशेब बाकी आहे, तिथे भुतं बाहेरून मागवायची गरजच काय?

नारायण धारपांबद्दल मला आदर आहे, हे सांगायला हवं. पण त्यांचा समर्थ आला की माझी भीती जाते. कारण समर्थांना सगळं माहीत असतं, आणि माहिती असणारा माणूस घरात शिरला की अंधार संपतो. शिवाय 'लुचाई' वाचताना मागे स्टीफन किंगचं अमेरिकन गाव आहे हे विसरता येत नाही. त्या मानाने २०१८ चा 'तुंबाड' बघा. त्याची कल्पना धारपांच्याच कथेवरून सुचलेली, नाव श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'वरून, पण पाऊस मात्र आपला. आणि तो पाऊस उगाच पडत नाही, त्या गावाला मिळालेला शाप म्हणून पडतो. भुताचं कारण आणि हवामानाचं कारण एकच.

कुणी म्हणेल, वाचकाला भीती हवी, भूगोल नको. कबूल, विदर्भातल्या वाचकाला उधाण काय माहीत? पण म्हणूनच तो पाढा दुसऱ्या प्रकरणात सासऱ्यांच्या तोंडून, हसत हसत यायला हवा. भीतीच्या प्रसंगी समजावत बसलात तर दोन्ही गेलं, हेही खरं.

तेव्हा पुढची भयकादंबरी हातात घ्याल तेव्हा एवढी परीक्षा करून बघा. त्यातलं घर उचलून मनातल्या मनात पुण्याला सदाशिव पेठेत नेऊन ठेवा. एक वाक्यही बदलावं लागत नसेल, तर खुशाल दिवा मालवून झोपा.