भाकरी कुणाची, मेजवानी कुणाची

आमच्या हिंगोलीत शिळी भाकरी कचऱ्यात टाकणं कुणाच्या जिवावर येतं. म्हणून ती भिंतीवर, गेटजवळ, जिन्याखाली ठेवली जाते. कुत्रं खाईल, गाय खाईल, पुण्य लागेल. आमच्या सोसायटीतल्या काकू-मावश्यांना मी याच विषयावर चिठ्ठी लिहिली. तिच्यातलंच इथे सांगतोय.

काकू, रात्री ठेवलेली भाकरी बहुतेक वेळा कुत्र्याच्या आधी उंदीर खातात. मोठा उंदीर रात्रीत साधारण वीस-पंचवीस ग्रॅम अन्न खातो. म्हणजे शंभर ग्रॅमच्या एका भाकरीत चार उंदरांचं जेवण होतं. पोट भरलं की ते तिथेच बिळं करतात, आणि मादी तीन आठवड्यांत पिलं घालते.

मग आपण औषध आणतो आणि ते "चालत नाही" म्हणतो. कसं चालणार? उंदीर नव्या वस्तूला बिचकतो. शेजारी रोजची ओळखीची भाकरी असेल, तर तो औषधाच्या वडीकडे वळत नाही. बाजारातली बरीच औषधं रक्त गोठू न देणारी असतात, ती खाऊनही उंदीर मरायला काही दिवस लागतात. असा मेलेला उंदीर कुत्र्यानं किंवा मांजरानं खाल्ला, तर विष त्याच्याही पोटात जाऊ शकतं. म्हणून आधी अन्न बंद, मग सापळा किंवा औषध. हा क्रम उलटा केला तर पैसे वाया.

उंदीर आहेत की नाहीत हे ओळखणं सोपं आहे. भिंतीच्या कडेनं काळसर तेलकट पट्टा, तांदळापेक्षा मोठ्या काळ्या लेंड्या, आणि बिळाच्या तोंडाशी ताजी माती. बीळ मातीनं बुजवून ठेवा. सकाळी उकरलेलं दिसलं तर आत वस्ती आहे.

कुत्र्यांना उपाशी मारा असं मी म्हणत नाही. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार सोसायटीनं खाऊ घालण्याची जागा आणि वेळ ठरवायची असते. ती जागा जिना, येण्याजाण्याची वाट आणि मुलांच्या खेळण्यापासून लांब हवी. सर्वोच्च न्यायालयानंही २२ ऑगस्ट २०२५ ला रस्त्यावर कुठेही खाऊ घालायला मनाई करून, प्रत्येक वॉर्डात ठरावीक जागा करायला सांगितलं. जिन्यात खाणारं कुत्रं ती जागा आपली समजतं आणि पोरांवर गुरगुरतं. त्यात त्याचा काय दोष?

तेव्हा माझं मागणं एवढंच आहे. दिवस मावळायच्या आत मागच्या कोपऱ्यात, थाळीत वाढा. दहा-पंधरा मिनिटं थांबा, आणि उरलेलं थाळीसकट घरी न्या. गाईची भाकरी गाईच्या तोंडात द्या, भिंतीवर नको. दान करायचंच, तर कुणाच्या पोटात जातं ते बघून करावं, असं आपलं माझं मत. तुम्हाला काय वाटतं?