टोपल्या वेगळ्या, विकणारे तेच

मार्च २०२० मध्ये शेअर बाजार कोसळला, तेव्हा सोनंही पडलं. ९ ते १९ मार्चदरम्यान जागतिक बाजारात ते सुमारे १२ टक्क्यांनी उतरलं. संकटात सोनं चढतं म्हणतात ना? पण उधारीवर शेअर घेतलेल्यांकडे मार्जिनचा तगादा लागला आणि रोख उभी करायला त्यांनी हाताला लागेल ते विकलं, सोनंसुद्धा.

आता गणित बघा. दोन गुंतवणुकींत निम्मे-निम्मे पैसे आहेत, प्रत्येकीचा चढउतार २० टक्के. सहसंबंध ०.२ असेल, तर एकूण चढउतार साडेपंधरावर येतो. तोच ०.९ झाला की साडेएकोणीस. विभागणीचा फायदा जेमतेम अर्धा टक्का! शांत वर्षांतून काढलेला सहसंबंध म्हणूनच फसवतो. सोनं ऑगस्टमध्ये विक्रमी भावाला गेलं खरं, पण ज्याला मार्चमध्येच फी भरायची होती त्याचं काय?