चारचौघांत नव्हे, पण स्पष्टच

शिरूरच्या शाखेत असताना रोज सकाळी पावणेदहाला आम्ही उभ्यानेच दहा मिनिटांची बैठक घेत असू. दौंडहून एस.टी.ने येणारे एक सहकारी बारा दिवसांत सात वेळा उशिरा आले. तिजोरीची दुसरी किल्ली त्यांच्याकडे असल्याने रोखपाल खोळंबत.

ते आत येताना मी घड्याळाकडे पाहिले नाही. मात्र बैठक थांबवली नाही आणि झालेले पुन्हा सांगितलेही नाही. त्याच दुपारी त्यांना केबिनमध्ये एकट्याला बोलावले. ‘तुम्ही नेहमीच उशिरा येता’ असे न म्हणता सात तारखा आणि त्या दिवशी तिजोरी उघडल्याची वेळ समोर ठेवली. मग कारण विचारले. त्यांची गाडी वाटेत जराही रखडली की बैठक चुके, आणि शिरूरला रेल्वेचा पर्याय नाही.

ठरले ते असे : आधीची गाडी धरायची, अडचण आल्यास साडेनवापूर्वी फोन करायचा आणि पंधरा दिवसांनी दोघांनीच आढावा घ्यायचा. त्यानंतरही तसेच चालले तर लेखी समज द्यावी लागेल, हेही तेव्हाच सांगितले. पुढील पंधरवड्यात ते एकदाच उशिरा आले, तेही आधी कळवून.

अनेकांना उशीर होत असेल, तर मात्र बैठकीची वेळच तपासावी.